राम इच्छति, पण नेच्छति: विसर्ग गेल्यावर गुणसंधी का अडतो?

रावपुऱ्याची

मी बडोद्यात रावपुऱ्यात नववी-दहावीच्या मुलांची संस्कृतची शिकवणी घेते. काही मुलं मराठी घरांतली, काही गुजराती. सध्या विसर्गसंधी चालू आहे आणि एका मुलीने असा प्रश्न विचारला की पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर मिळेना.

न + इच्छति = नेच्छति. अ आणि इ शेजारी आले, ए झाला. हे ती शिकली आहे. रामः + इच्छति इथे विसर्गाचा लोप होतो आणि राम इच्छति उरतं. आता इथेही अ आणि इ शेजारी आलेच ना? मग रामेच्छति का नाही? पुस्तक एवढंच म्हणतं की विसर्गलोपानंतर पुन्हा संधी करू नये. ती म्हणाली, "बाई, हे कारण नाही, हा हुकूम झाला." मला तिचं पटलं.

भाषाशास्त्र शिकलेली एक मैत्रीण म्हणाली की याला काउंटरफीडिंग म्हणतात, नियमांचा क्रम लावला की सुटतं. आणि लगेच पुढे म्हणाली, पण हल्ली बरेच जण नियमांचा क्रम मानतच नाहीत. क्रम मानायचा नाही तर हे सोडवायचं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. मुलीला काय सांगायचं ते मी बघेन, आधी मला नीट कळायला हवं.

आजोबा_बाबाजीपुरा

ताई, एवढं अवघड नाही ते. आम्हाला लहानपणी कारिका पाठ करून घेतली होती: संहितैकपदे नित्या, नित्या धातूपसर्गयोः, नित्या समासे, वाक्ये तु सा विवक्षामपेक्षते. एका पदात, धातू-उपसर्गात आणि समासात संधी करायचाच. वाक्यात बोलणाऱ्याची इच्छा. राम इच्छति हे वाक्य आहे, तेव्हा तिथे संधी केला नाही, एवढंच. मुलीला हे सांगा, तिचं समाधान होईल.

त्रिपादी

आजोबा, कारिका अगदी बरोबर आहे, पण या प्रश्नाला ती पुरत नाही. वाक्यात संधी करायचाच नसेल तर रूप होतं रामः इच्छति, विसर्गासकट. विसर्ग गेला याचा अर्थ बोलणाऱ्याने संहिता स्वीकारली. एकदा संहिता स्वीकारली की न इच्छति चं नेच्छति होतं, तसं राम इच्छति चं रामेच्छति निदान विकल्पाने तरी चालायला हवं होतं. व्याकरणाला ते विकल्पानेही चालत नाही. म्हणजे इथे बोलणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्न नाही, दोन नियमांच्या आपसातल्या नात्याचा आहे.

पाणिनीच्या वाटेने चालून बघू. मूळ रूप रामस् + इच्छति. ससजुषो रुः (८.२.६६) ने स् चा रु होतो, म्हणजे र्. त्याच्या आधी अ आणि पुढे स्वर आहे म्हणून ८.३.१७ ने त्या र् चा य् होतो. मग लोपः शाकल्यस्य (८.३.१९) ने तो य् शाकल्याच्या मते जातो. उरलं राम इच्छति. आता अ आणि इ समोरासमोर आहेत आणि आद् गुणः (६.१.८७) लागायला हवा.

तो लागत नाही याचं कारण ८.२.१ मध्ये आहे: पूर्वत्रासिद्धम्. इथून पुढचे तीन पाद म्हणजे त्रिपादी. त्रिपादीत जे घडतं ते आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने घडलेलंच नाही. आद् गुणः सहाव्या अध्यायात बसला आहे. तो पाहतो तेव्हा त्याला अ आणि इ यांच्या मधला स् अजून जागेवर दिसतो, म्हणून तो गप्प राहतो. नेच्छति मध्ये मधे काही नव्हतंच, तिथे तो लागला.

तुमच्या मैत्रिणीचा काउंटरफीडिंग हा शब्द याच नात्यासाठी आहे. लोपाचा नियम गुणाला खाऊ घालू शकला असता, त्याच्यासाठी जागा तयार करू शकला असता. पण तो उशिरा येतो, तेव्हा गुणाची पाळी होऊन गेलेली असते. फीडिंग-ब्लीडिंग ही भाषा किपार्स्कींनी १९६८ मध्ये रूढ केली आणि अशा रूपांच्या अपारदर्शकतेची व्याख्या १९७१ मध्ये मांडली. अपारदर्शक का, तर राम इच्छति कानावर पडणाऱ्याला वाटेल की संस्कृतात अ आणि इ जवळ आले तरी चालतं. नियम खरा आहे, पण वरवर पाहून तो खोटा वाटतो.

मिहीर_अलकापुरी

प्रश्न उपयोगी आहे. आमच्या पत्रिका छापताना नेहमी वाद होतो. राम इच्छति हे मधे जागा सोडून छापायचं की रामइच्छति असं जोडून? आणि अवग्रह द्यायचा का?

रावपुऱ्याची

मिहीर, लेखनाचा प्रश्न वेगळा आहे हो. जागा सोडूनच छापतात, आणि इथे अवग्रह येत नाही कारण अ गिळला गेलेला नाही. इथे मी उच्चारातल्या नियमाबद्दल विचारते आहे.

कोडवाला

मी प्रोग्रामर आहे, संस्कृत दहावीपर्यंतचंच. त्रिपादी सरांचं वाचून दोन नियम लिहून पाहिले.

```python
import re

def guna(s):
    return re.sub(r'a i', 'e', s)

def s_lop(s):
    return re.sub(r'as i', 'a i', s)

print(s_lop(guna('ramas icchati')))  # rama icchati
print(guna(s_lop('ramas icchati')))  # ramecchati
print(s_lop(guna('na icchati')))     # necchati
```

आधी गुण, मग लोप: बरोबर. उलट केलं की रामेच्छति. पण मग वाटलं, क्रम लावायची गरजच काय? दोन्ही नियम एकाच फेरीत चालवले तर?

```python
def ekdam(s):
    return re.sub(r'a i|as i',
        lambda m: 'e' if m.group() == 'a i' else 'a i', s)

print(ekdam('ramas icchati'))  # rama icchati
print(ekdam('na icchati'))     # necchati
```

`re.sub` मूळ ओळीवरून एकदाच जातो, स्वतः बदललेला भाग पुन्हा तपासत नाही. त्यामुळे प्रत्येक नियमाला फक्त मूळ रूप दिसतं आणि काउंटरफीडिंग आपोआप मिळतं. म्हणजे 'असिद्ध' याचा अर्थ 'उशिरा' असा न घेता 'न दिसणारं' असा घेतला की क्रम संपला. बरोबर ना?

रावपुऱ्याची

हे फार सुंदर आहे. मुलीला सांगायला एकदम सोपं: प्रत्येक नियम फक्त मूळ रूपाकडे बघतो. पण मग फीडिंग, म्हणजे एका नियमाने दुसऱ्याला जागा करून देणं, कुठेच होणार नाही ना?

मधुरा_सयाजीगंज

बरोबर जागी बोट ठेवलंत. एकदम लावलेल्या नियमांतून काउंटरफीडिंग फुकट मिळतं आणि फीडिंग अवघड होतं. त्यावर नंतर येऊ. आधी क्रम न मानणाऱ्यांची मुख्य अडचण सांगते, कारण ती याच्या बरोबर उलटी आहे.

प्रिन्स आणि स्मोलेन्स्की यांनी १९९३ मध्ये ऑप्टिमॅलिटी थिअरी मांडली. तिच्यात पायऱ्या नसतात. मूळ रूपापासून होऊ शकणारी सगळी रूपं एकाच वेळी समोर ठेवायची आणि अटींच्या उतरंडीवर ती तोलायची. अटी दोन जातींच्या. एक जात तयार रूपाकडे बघते: अ आणि इ शेजारी नकोत. दुसरी जात मूळ रूपाशी इमान मागते: स्वर आहेत तसे ठेवा. उतरंडीत वरची अट पाळण्यासाठी खालची मोडली तरी चालते.

आता न + इच्छति घ्या. जिंकतं नेच्छति. म्हणजे 'अ-इ शेजारी नकोत' ही अट 'स्वर तसेच ठेवा' च्या वर हवी. मग रामस् + इच्छति घ्या. स् ठेवलेलं रूप आणखी वरच्या एका अटीने बाद होतं असं धरू. उरले दोन उमेदवार: राम इच्छति आणि रामेच्छति. स् दोघांनीही गमावला आहे, त्यामुळे तिथे बरोबरी. पहिल्याने अ-इ शेजारी ठेवले, दुसऱ्याने स्वर बदलले. नेच्छति ने ठरवलेल्या उतरंडीत दुसरा जिंकतो. खरं रूप पहिलं आहे. उतरंड उलटी केली की राम इच्छति मिळतं, पण नेच्छति हातचं जातं. एकाच भाषेला दोन विरुद्ध उतरंडी लागतात, आणि कोणतीही एक घेतली तरी एक शब्द चुकतो. तयार रूपाकडे बघणाऱ्या अटीला हा अ-इ कुठून आला हे कळतच नाही, दुखणं ते आहे.

यावर मॅकार्थी यांनी २००३ मध्ये जो उपाय सुचवला तो मला या उदाहरणासाठी सगळ्यांत सरळ वाटतो. काहीही न बदललेलं रूप शेजारी ठेवायचं आणि विचारायचं, हा दोष त्यातही होता का? असेल तर तो जुना दोष, नसेल तर नवा. जुन्या आणि नव्या दोषाला वेगळ्या अटी द्यायच्या. सगळ्यात वर 'जुने अ-इ शेजारी नकोत', मधे 'स्वर तसेच ठेवा', खाली 'नवे अ-इ शेजारी नकोत'. न इच्छति मधली जवळीक मूळचीच, म्हणजे जुनी. ती मोडायलाच हवी, म्हणून नेच्छति. राम इच्छति मधली जवळीक स् गेल्यामुळे झाली, म्हणजे नवी. तिच्यापेक्षा स्वर सांभाळणं वरचं, म्हणून ती तशीच राहते. पायऱ्या नाहीत, क्रम नाही, आणि दोन्ही रूपं बरोबर.

निनाद_पी

मराठीतही काउंटरफीडिंग आहे की! माझा म्हणताना झ दंत्य असतो, माझी म्हणताना तालव्य, कारण पुढे ई. माझ्या मध्ये पुढे य आहे म्हणून तालव्य. पण बोलताना तो य ऐकूच येत नाही, आपण जवळजवळ 'माझा' च म्हणतो, फक्त झ तालव्य. कारण दिसत नाही आणि परिणाम दिसतो. एकदम राम इच्छति सारखं.

मधुरा_सयाजीगंज

निनाद, उदाहरण छान आहे आणि अपारदर्शकही आहे, पण जात दुसरी. राम इच्छति मध्ये नियम लागायला हवा असं दिसतं आणि तो लागलेला नसतो. माझ्या मध्ये लागायचं कारण दिसत नाही तरी तो लागलेला असतो. य आधी गेला असता तर तालव्यीकरणाचं कारणच पळालं असतं. तो नंतर जातो, म्हणून परिणाम मागे उरतो. याला काउंटरब्लीडिंग म्हणतात.

हा फरक नावापुरता नाही. मी वर सांगितलेला जुन्या-नव्या दोषाचा उपाय माझ्या ला लागू पडत नाही. तिथे य गेलेलं आणि झ दंत्यच राहिलेलं रूप हा उमेदवार घ्या. तो मूळ रूपाशी जास्त इमानी आहे आणि दोष एकही जास्त करत नाही. अटी कशाही रचा, खरं रूप त्याला हरवू शकत नाही. काही जण मात्र म्हणतात की य गेलेलाच नाही, झ आणि य एकमेकांत विरघळून तालव्य झ झाला. तसं धरलं तर अपारदर्शकताच उरत नाही.

शैला_मांजलपूर

माझ्या नातीचं सांगते. ती गुजराती माध्यमात जाते, खेळायला सगळी गुजराती मुलं. ती दंत्य झ म्हणतच नाही. तिच्या तोंडी 'माझा दादा' आणि 'माझ्या दादाला' यातले माझा-माझ्या सारखेच ऐकू येतात. मी रोज दुरुस्त करते. हे याच विषयात येतं का?

मधुरा_सयाजीगंज

येतं, शैलाताई. मोठ्यांच्या बोलण्यात य गेला तरी दंत्य-तालव्य फरकामुळे माझा आणि माझ्या वेगळे राहतात. नातीकडे दंत्य झ नाही, त्यामुळे य गेल्यावर दोघांत फरक दाखवायला काहीच उरत नाही. अपारदर्शक रूपं दोन मूळ रूपांमधला भेद शाबूत ठेवतात, असं म्हणणारा एक विचार आहे. वुबोविच यांनी २००३ च्या सुमारास त्यावर काम केलं. राम इच्छति मध्येही तसं दिसतं. रामेच्छति झालं असतं तर ऐकणाऱ्याला तिथे विसर्ग होता की नव्हता हे कळलंच नसतं. रोज दुरुस्त करण्याबद्दल मात्र मी काही म्हणणार नाही, तो तुमचा आणि तिचा मामला.

त्रिपादी

आता कोडवाला आणि मधुरा, दोघांसमोर एक शब्द ठेवतो. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात या नावाचं कुणीतरी असेल: राजेन्द्र.

मूळ राजन् + इन्द्र. समासात राजन् चा न् जातो, उरतं राज + इन्द्र. इथेही अ आणि इ नव्यानेच शेजारी आले. पण इथे गुण होतो! राज इन्द्र असं कुणी म्हणत नाही. कुणी म्हणेल की मूळ शब्दच राज असेल. त्यांनी आत्मन् + उन्नति घ्यावं. आत्म असा वेगळा शब्द नाही, तरी आत्मोन्नति होतंच.

न् जाण्याचं सूत्र ८.२.७, म्हणजे तेही त्रिपादीतलं. पूर्वत्रासिद्धम् सरसकट लावलं तर राजेन्द्र होणार नाही. पाणिनीने हे पाहिलं आहे. लगेच पुढचं सूत्र ८.२.२ सांगतं की हा नलोप फक्त काही विधींच्या दृष्टीने असिद्ध: सुप्, स्वर, संज्ञा आणि तुक्. गुण त्यांत नाही, म्हणून गुणाला न् गेलेला दिसतो. सुप् म्हणजे विभक्तीचे प्रत्यय आहेत, म्हणून शाळेत पाठ केलेलं रूप बघा: राम चं रामाभ्याम्, पण राजन् चं राजभ्याम्. सुपि च (७.३.१०२) मुळे भ्याम् च्या आधीचा अ दीर्घ होतो. राजन् चा न् गेल्यावर तिथेही अ च उरतो, तरी तो दीर्घ होत नाही. तसंच रामैः पण राजभिः.

म्हणजे एकच लोप एका नियमाला खाऊ घालतो आणि दुसऱ्याला उपाशी ठेवतो. एकाच फेरीचं कोड राजेन्द्र ला चुकेल. 'नवा दोष चालतो' ही अटसुद्धा राजेन्द्र ला चुकेल.

कोडवाला

चालवून पाहिलं. न् चा नियम त्याच फेरीत घातला तर `raja indra` येऊन थांबतं. राजेन्द्र साठी न-लोप आधीच्या फेरीत काढावा लागला. दुसरा मार्ग म्हणजे गुणाच्या नियमात लिहायचं की मधे न् असेल तर तयार रूप बघ, स् असेल तर मूळ रूप बघ. कोस्केन्निएमी यांची १९८३ ची द्विस्तर पद्धत अशीच आहे, नियमाला दोन्ही बाजू बघता येतात. चालतं, पण कुठे कोणती बाजू बघायची हे प्रत्येक वेळी हाताने लिहायचं. क्रमाची माहिती तिथे नियमाच्या आत जाऊन बसते.

आणि यंत्राच्या बाजूने एक सांगतो. क्रमाने लावलेले असे नियम एकत्र करून एकच यंत्र बनवता येतं, ज्याला मधल्या पायऱ्या नसतात. कॅप्लन आणि के यांनी १९९४ मध्ये हे सविस्तर मांडलं आहे. त्यामुळे डोक्यात खरोखर पायऱ्या चालतात की नाही हे क्रमाचं वर्णन बरोबर आलं म्हणून सिद्ध होत नाही.

मधुरा_सयाजीगंज

राजेन्द्र ची अडचण खरी आहे. मी ती मजले धरून सोडवते. समासातलं पहिलं पद आधी स्वतंत्र पद म्हणून तयार होतं, न् तिथेच जातो. वरच्या मजल्यावर, जिथे समास जुळतो, तिथे राज हेच मूळ रूप म्हणून पोचतं. मग राज आणि इन्द्र यांची जवळीक त्या मजल्यासाठी जुनी, म्हणून गुण. राजभ्याम् मध्ये न् जाणं आणि अ दीर्घ होणं एकाच मजल्यावर घडतं, म्हणून तिथे अ नवा आणि तो तसाच राहतो. वाक्य सगळ्यात वरचा मजला. तिथे न इच्छति जुनं, राम इच्छति नवं. चारही रूपं सुटतात, आणि एका मजल्याच्या आत मला क्रम लागत नाही. मजल्यांना क्रम आहे हे मान्य, पण तो पद, समास, वाक्य असा रचनेतूनच येतो. मला तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

त्रिपादी

मांडणी आवडली. पण वाक्याच्या मजल्यावर रामो गच्छति आहे. स् चा रु, रु चा हशि च (६.१.११४) ने उ, मग राम + उ चा गुण होऊन रामो. हा उ नवाच आहे, अ-उ ही जवळीक नवीच आहे, आणि तरी गुण झाला. राम इच्छति च्याच मजल्यावर. इथे तर रु त्रिपादीतला असूनही उत्वाला तो दिसतो असं परंपरेला वेगळं मानावं लागतं, नाहीतर हशि च ला कामच उरत नाही.

मधुरा_सयाजीगंज

तिथे मी उ ची पायरीच मानत नाही. घोष वर्णाच्या आधी अस् चा एकदम ओ होतो, मधे अ-उ कधी शेजारी आलेच नाहीत. पाणिनीला गुणाचं सूत्र हाताशी होतं, उ धरला की एक नियम वाचतो, म्हणून त्याने तसं लिहिलं. अशोकाच्या पूर्वेकडच्या लेखांत देवानंपिये आहे, पश्चिमेकडे गिरनारला देवानंपियो. एकाच मूळ अस् चे ए आणि ओ. उ ची पायरी खरी धरली तर पूर्वेकडचा ए कुठून आणायचा?

त्रिपादी

ए-ओ ची साक्ष इतिहासाची आहे, बोलणाऱ्याच्या व्याकरणाची नाही. अस् चा ओ थेट लिहिलात तर तुमच्याकडे अ+उ=ओ हा एक नियम आणि अस्=ओ हा दुसरा, दोघांचा संबंध तुटला. मला ते महाग वाटतं. इथे आपलं एकमत होणार नाही.

आजोबा_बाबाजीपुरा

कारिकेबद्दलचं उत्तर वाचलं, त्रिपादींचा मुद्दा पटला. पण तुम्ही सगळे म्हणता की रामेच्छति सारखं रूप होतच नाही. मी रामायण-महाभारत वर्षानुवर्षं वाचतो. ततः उवाच चं तत उवाच व्हायला हवं, पण ततोवाच असंही भेटतं. टीकाकार त्याला आर्ष म्हणून सोडून देतात. हे कसं?

त्रिपादी

आजोबा, हे फार मोलाचं आणलंत. तत उवाच पर्यंत आपलीच वाट, आणि मग अ-उ चा गुण केलेला. म्हणजे त्या कवीने किंवा गायकाने क्रम उलटवला, लोपाने गुणाला खाऊ घातलं. क्रम बदलतो तेव्हा नियमांना जास्तीत जास्त काम मिळेल त्या बाजूला झुकतो, असं किपार्स्कींनी १९६८ च्याच लेखात म्हटलं होतं. काउंटरफीडिंगकडून फीडिंगकडे, बरोबर तशीच ही दिशा.

आणि शिष्टभाषेतला क्रम तसा का, याचंही उत्तर इथेच आहे. अ+इ एकत्र येऊन ए होणं हा जुना बदल, स्वरापूर्वी अस् चा स् गळणं हा नंतरचा. नवा बदल व्याकरणाच्या शेवटी येऊन चिकटला. आधीचा नियम त्याच्या पाठीमागे वळून बघत नाही. म्हणून ताईंच्या विद्यार्थिनीला कारण सांगायचं तर मी हे सांगेन: मधला स् उशिरा गेला.

पाणिनीनेही श्लोकाला थोडी मोकळीक दिली आहे. सः + एषः चं सैष होतं, पाद पुरा करायचा असेल तरच (६.१.१३४). हा लोप त्याने मुद्दाम सहाव्या अध्यायात ठेवला, त्रिपादीत नाही. त्यामुळे पुढचा संधी तो पाहू शकतो.

मधुरा_सयाजीगंज

सैष माझ्या मांडणीत बसवायला छंदाची अट 'स्वर तसेच ठेवा' च्या वर न्यावी लागेल, फक्त पद्यासाठी. ते जमेल. ततोवाच मात्र मला वेगळ्या उतरंडीचं व्याकरण म्हणूनच घ्यावं लागेल, नवा आणि जुना दोष सारखाच मानणारं. गंमत अशी की ते व्याकरण साध्या, १९९३ च्या थिअरीला सगळ्यात सोपं. तिला राम इच्छति जड जातं, ततोवाच नाही.

रावपुऱ्याची

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या वर्गात राम इच्छति, नेच्छति आणि राजेन्द्र असे तिन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिणार आहे आणि मधला वर्ण कधी गेला हे मुलींनाच शोधायला लावणार आहे. आजोबा, ततोवाच सापडलेल्या जागा कळवाल का? वर्गात मूळ श्लोकच दाखवेन. आणि त्रिपादी सर, ८.३.१९ शाकल्याच्या मते म्हणालात, म्हणजे इतरांच्या मते य् राहतो आणि रामयिच्छति असं रूपही होतं ना? मुलगी हे विचारणारच.

त्रिपादी

होतं. य् राहिला तर अ आणि इ शेजारी येतच नाहीत, त्यामुळे गुणाचा प्रश्नच उद्भवत नाही. तिला आधी तेच रूप दाखवा, मग त्यातला य् काढून दाखवा.

आजोबा_बाबाजीपुरा

जागा शोधून देतो. माझ्या प्रतीत पेन्सिलने खुणा केलेल्या आहेत, दोन दिवस द्या.